पंचेचाळीस तासांचा हिशेब

सीएच्या फायनल परीक्षेचा पेपर दुपारी २ वाजता सुरू होतो आणि ५ वाजता संपतो. पुढचा पेपर बहुतेक वेळा एक दिवस सोडून, पुन्हा दुपारी २ वाजताच असतो. मधल्या काळाला इंदूरची मुले ‘डेढ दिन’ म्हणतात आणि या दीड दिवसाविषयी क्लासेसमध्ये, सीएच्या हाताखालच्या उमेदवारीच्या, म्हणजे आर्टिकलशिपच्या, ऑफिसांमध्ये आणि पोह्यांच्या गाड्यांवर जेवढी चर्चा होते, तेवढी क्वचितच दुसऱ्या कोणत्या विषयावर होत असेल. घड्याळाने मोजले तर हा काळ पंचेचाळीस तासांचा भरतो. आकडा ऐकायला मोठा वाटतो आणि पुढच्या सगळ्या फसगतीचे मूळ तिथेच आहे, असे माझे मत आहे. माझ्या ऑफिसात आर्टिकलशिप करणारी मुले दर परीक्षेला हा आकडा मनात धरून वेळापत्रक आखतात, आणि त्यात झोपेसाठी जागा शेवटी, उरली तर, शोधतात.

मे २०२४ च्या परीक्षेत माझी भाची दोन्ही ग्रुप, म्हणजे तीन-तीन पेपरांचे दोन्ही गट, एकदम देत होती. ती मूळची बऱ्हाणपूरची, आर्टिकलशिपसाठी इंदूरला आमच्याकडे लोकमान्य नगरात राहिलेली. त्या परीक्षेचे वेळापत्रक या विषयाच्या दृष्टीने फार बोलके होते. नव्या अभ्यासक्रमाची ती पहिलीच परीक्षा होती आणि लोकसभा निवडणुकीमुळे आधी जाहीर झालेल्या तारखा बदलाव्या लागल्या होत्या. सुधारित तारखांप्रमाणे फायनलचे पेपर २, ४, ८, १०, १४ आणि १६ मे रोजी झाले. म्हणजे फायनान्शियल रिपोर्टिंग ऊर्फ एफआर आणि अॅडव्हान्स्ड फायनान्शियल मॅनेजमेंट ऊर्फ एएफएमच्या मध्ये दीड दिवस, एएफएम आणि ऑडिटच्या मध्ये साडेतीन दिवसांहून अधिक, ऑडिट आणि डायरेक्ट टॅक्सच्या मध्ये पुन्हा दीड दिवस, मग परत मोठी फट, आणि शेवटी इनडायरेक्ट टॅक्स व सहाव्या पेपरच्या मध्ये दीड दिवस. लहान फट आणि मोठी फट आळीपाळीने आल्यामुळे दोन्हींची तुलना एकाच मालिकेत, एकाच मुलीच्या बाबतीत जवळून पाहता आली.

आधी लहान फटीकडे पाहू. ८ मेला संध्याकाळी ५ वाजता ऑडिटचा पेपर संपला आणि १० मेला दुपारी २ वाजता डायरेक्ट टॅक्सचा सुरू होणार होता. डायरेक्ट टॅक्स हा विषय आकाराने प्रचंड आहे: धंद्याचे उत्पन्न, भांडवली नफा, धर्मादाय संस्था, टीडीएस, करनिर्धारणाची कार्यपद्धती, अपिले, दंड, आणि त्यावर आंतरराष्ट्रीय करआकारणीचा वेगळा डोंगर. भाचीने मार्चमध्येच तिचे पहिले वेळापत्रक मला दाखवले होते. त्यात पंचेचाळीस तासांपैकी तेहतीस तास अभ्यासाचे होते. मी तिला म्हटले, ‘‘यातले तू जागी असशील ते तास आधी मोज.’’ ती हसून म्हणाली, ‘‘मामा, तू ऑडिट माझंच करतो आहेस.’’ पण तिने हिशेब मांडला.

पंचेचाळीसमधून दोन रात्रींची झोप, प्रत्येकी सात तास धरून, चौदा तास वजा केले की एकतीस उरतात. परीक्षा केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला होते. पाच वाजता सुटणाऱ्या गर्दीतून घरी पोहोचणे, अंघोळ, चहा आणि डोके जागेवर येणे यात रात्रीचे आठ वाजतात, म्हणजे तीन तास गेले. पेपरच्या दिवशी साडेबाराला घर सोडायचे, कारण प्रश्नपत्रिका वाचण्याची पंधरा मिनिटे पावणेदोनलाच सुरू होतात, तेव्हा आणखी दीड तास गेला. उरलेल्या साडेसव्वीस तासांतून जेवणे, न्याहाऱ्या, अंघोळी, थोडे चालणे आणि मधली विश्रांती यांचे साडेसहा तास वजा केले की हाती वीस तास राहतात. ही वरची मर्यादा आहे. त्यातही डोके पूर्ण ताजे असते असे तास पंधरा-सोळाच्या पुढे जात नाहीत. तेहतीस तासांचा मजकूर वीस तासांत बसवू पाहणारी व्यक्ती तो झोपेतूनच काढणार, हे उघड आहे, आणि तसे ती ठरवूनही करत नाही. रात्री साडेअकराला अजून तीन प्रकरणे शिल्लक आहेत, हे दिसल्यावर ते आपोआप होते.

म्हणून माझा आग्रह असा होता की आधी झोप लिहायची, मग प्रवास, मग जेवण, आणि उरलेल्या रिकाम्या जागेत विषय बसवायचा. विषय बसत नसेल तर तो कापायचा. पण हे कापण्याचे काम ८ मेच्या रात्री होऊ शकत नाही. त्या वेळी प्रत्येक पान महत्त्वाचे वाटते. ते काम आधीच्या वाचनांत झालेले असावे लागते. भाचीने डायरेक्ट टॅक्सच्या दुसऱ्या उजळणीतच प्रत्येक प्रश्नावर पेन्सिलीने खूण केली होती: बघता क्षणी सुटणारा, एकदा नजर टाकावी लागणारा, आणि हाताने पुन्हा सोडवावाच लागणारा. शेवटच्या दीड दिवसात पहिल्या प्रकाराला हातच लावायचा नाही, दुसरा फक्त वाचायचा, आणि तिसऱ्या प्रकारातले मोजके प्रश्न लिहून सोडवायचे. तिसऱ्या प्रकारात चाळीसच्या वर प्रश्न राहिले असतील तर उजळणी अजून व्हायची आहे, असे समजावे. तिच्याकडे एप्रिलच्या शेवटी पंचवीसच्या आसपास राहिले होते.

प्रत्यक्षात तिचा दीड दिवस असा गेला. ८ मेला रात्री आठ ते साडेदहा तिने टीडीएस आणि करनिर्धारणाची कार्यपद्धती वाचली. तीन तास पेपर लिहून आलेल्या हाताला आणि डोक्याला गणिते झेपत नाहीत. खुणा केलेल्या ओळींवरून नजर फिरवणे मात्र झेपते. अकराला झोप. ९ तारखेला पहाटे साडेसहा ते साडेनऊ धंद्याचे उत्पन्न, न्याहारीनंतर सव्वादहा ते सव्वा एक आंतरराष्ट्रीय करआकारणी, म्हणजे अनिवासींचे उत्पन्न, ट्रान्सफर प्रायसिंग आणि दुहेरी करातून मिळणारी सूट. जेवणानंतर वीस मिनिटे आडवे होणे, आणि बरोबर दोन ते पाच हाताने प्रश्न सोडवणे. संध्याकाळी तासभर गच्चीवर. सात ते नऊ धर्मादाय संस्था, अपिले आणि दंड. जेवणानंतर साडेनऊ ते साडेदहा वित्त कायदा २०२३ चे बदल आणि बहुपर्यायी प्रश्न. पावणेअकराला दिवा बंद. १० तारखेला सकाळी साडेसहा ते अकरा फक्त खुणा केलेली पाने, मर्यादा आणि दर. एकूण एकोणीस तास झाले.

या आखणीत दुपारचे दोन ते पाच हे तास मला सर्वांत मोलाचे वाटतात. मेमध्ये इंदूरचा पारा चाळिशीच्या पुढे असतो, कूलर घरघरत असतो आणि जेवण झालेले असते. शरीराची सतर्कता दुपारी तशीही थोडी उतरते. तो केवळ जेवणाचा परिणाम नसतो, दिवसभराच्या लयीतच तो उतार असतो. आणि सीएचा पेपर नेमका त्याच वेळी असतो. जी मुले परीक्षेआधीच्या दोन महिन्यांत पहाटे तीनपर्यंत वाचून दुपारी दोन ते चार झोपतात, ती नकळत आपल्या शरीराला पेपरच्या वेळी झोपण्याची सवय लावत असतात. मग पेपरमध्ये साडेतीनच्या सुमारास एकच ओळ तीनदा वाचावी लागते. यावर उपाय परीक्षेच्या आदल्या दिवशी होत नाही. निदान तीन आठवडे आधीपासून दुपारी दोन ते पाच लिहिण्याचे काम करावे लागते आणि झोप आली तर ती दोनच्या आत, वीस-पंचवीस मिनिटांत उरकावी लागते. त्याहून लांबली की माणूस गाढ झोपेत उतरतो आणि उठल्यावर अर्धा-पाऊण तास जडपणात जातो.

रात्रीच्या झोपेविषयी आमच्या घरात वेगळाच प्रश्न होता. माझ्या आईच्या मते रात्री उशिरापर्यंत खोलीत दिवा दिसला म्हणजे अभ्यास जोरात चालला आहे, आणि पावणेअकराला अंधार झाला म्हणजे पोरगी हलगर्जी आहे. तिला समजावणे कठीण होते, कारण आमच्या काळात आम्ही सगळेच जागलो होतो आणि उत्तीर्णही झालो होतो. परंतु दिवसा वाचलेले टिकून राहण्याचे बरेचसे काम झोपेतच होते, ही आता वादाची गोष्ट राहिलेली नाही. शिवाय सहा पेपरांच्या मालिकेत एका रात्रीची तूट त्याच पेपरावर फेडून होत नाही. पहिल्या पेपरच्या आधी तीन तास झोपलेला मुलगा दुसऱ्या पेपरपर्यंत कसाबसा टिकतो. चौथ्या पेपरात तो आकडे उतरवताना चुकू लागतो. मी ऑफिसातल्या मुलांना यासाठी एक साधी परीक्षा सांगतो. रात्री दहानंतर आपण पूर्वी बरोबर सोडवलेला एखादा प्रश्न घ्यावा. पद्धत आठवत नसेल तर उजळणीची गरज आहे. पद्धत आठवते, पण प्रश्नातला ८४,००० हा आकडा वहीत ४८,००० म्हणून उतरला असेल, तर पुस्तक मिटावे. ती चूक विषयाची नसून थकव्याची आहे, आणि आणखी वाचून ती सुधारत नाही. संध्याकाळी सहानंतरचा चहाही मी याच कारणाने बंद करायला सांगतो, कारण त्यातल्या कॅफिनचा निम्मा भाग पाच-सहा तासांनंतरही शरीरात असतो. इंदूरमध्ये हा सल्ला कोणी मनापासून ऐकत नाही, ही गोष्ट वेगळी.

सुटलेल्या पेपरची चिरफाड हा वेळखाऊ प्रकार आहे. पेपर संपल्यावर तासाभरात निरनिराळ्या क्लासेसची उत्तरे मोबाइलवर येऊ लागतात आणि त्यांच्यात आपसांतही मतभेद असतात. बहुपर्यायी प्रश्न ३० गुणांचे असल्यामुळे ते ताडून पाहण्याचा मोह फार होतो. त्यात जाणारा दीड तास तर वाया जातोच, पण खरे नुकसान पुढे होते. चार उत्तरे चुकल्याचे कळलेला मुलगा ग्रुप गेला असे धरून बसतो आणि मनाने पुढचा पेपर सोडतो. इथे नियम नीट माहीत असणे कामाचे असते. प्रत्येक पेपरात किमान ४० गुण आणि ग्रुपमध्ये मिळून ३०० पैकी १५० अशी अट आहे, त्यामुळे एका पेपरातले ४२ दुसऱ्यातल्या ५८ ने भरून निघतात. एखाद्या पेपरात ६० गुण मिळाले तर ग्रुप गेला तरी पुढच्या तीन परीक्षांसाठी त्या पेपरातून सूट मिळते. मात्र त्यासाठी त्या ग्रुपचे सगळे पेपर दिलेले असावे लागतात. निराश होऊन तिसरा पेपर टाळणारा मुलगा पहिल्या दोन पेपरांतली सूटही घालवून बसतो. भाचीचा एएफएमचा पेपर तिच्या मते वाईट गेला होता. तिने घरी येऊन तेवढेच सांगितले आणि मामीने तिच्यापुढे वरणभात ठेवला. आमच्या घरात त्या विषयावर पुढे कोणी बोलायचे नाही, असे आधीच ठरले होते.

आता मोठी फट. ४ मेला संध्याकाळी ५ पासून ८ मेला दुपारी २ पर्यंत त्र्याण्णव तास होतात. तारखा बदलल्या तेव्हा मुलांना आनंद झाला होता, पण माझ्या पाहण्यात लहान फटींपेक्षा या मोठ्या फटींनीच अधिक जणांचा घात केला. त्याचे कारण असे की दीड दिवस असेल तर मुलगा गुमान खुणा केलेली पाने उघडतो; साडेतीन दिवस मिळाले की त्याला वाटते, आता पुस्तक पहिल्या प्रकरणापासून नीट वाचू. ऑडिटसारख्या विषयात, जिथे लेखापरीक्षणाची मानके, कंपनी कायद्यातली अहवालाची कलमे आणि व्यावसायिक आचारसंहिता असा सगळा पाठांतराचा मजकूर आहे, हे फार महागात पडते. पहिला दिवस आरामात जातो, दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी अर्धे पुस्तक सावकाश होते, आणि शेवटच्या रात्री उरलेले अर्धे पुस्तक समोर असते. ७ तारखेच्या रात्री दीड दिवसाच्या फटीत कधी जागला नसता तेवढा मुलगा जागतो.

भाचीसाठी आम्ही एकच नियम केला होता: फट कितीही मोठी असली तरी शेवटचे पंचेचाळीस तास बदलायचे नाहीत. म्हणजे ६ मेच्या संध्याकाळी पाचला, जणू आताच एक पेपर देऊन आलो आहोत अशा रीतीने, ऑडिटचा ठरलेला दीड दिवस सुरू करायचा. त्र्याण्णवमधून ते पंचेचाळीस काढले की अठ्ठेचाळीस तास सुटे राहतात, आणि प्रश्न फक्त त्या अठ्ठेचाळीस तासांचा उरतो. त्यातली विश्रांती अगदी आरंभी ठेवायची. ४ तारखेची शनिवारची संध्याकाळ आणि ५ तारखेची सकाळ पूर्ण मोकळी. मैत्रिणी त्या रात्री सराफ्यात जाऊ म्हणत होत्या; पण सराफ्याची खाण्याची दुकाने सोन्याचांदीची दुकाने मिटल्यावर लागतात, परत यायला बारा वाजतात आणि पोटात काय काय जाते ते सांगायला नको. त्या छप्पन दुकान या खाऊगल्लीत गेल्या आणि साडेनऊला घरी आल्या. त्या रात्री भाची नऊ तास झोपली. ५ तारखेच्या दुपारपासून ६ तारखेच्या दुपारपर्यंत तिने ऑडिटची वाचायची राहिलेली प्रकरणे घेतली नाहीत, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. त्या वेळात तिने डायरेक्ट टॅक्सचे आंतरराष्ट्रीय प्रकरण एकदा डोळ्यांखालून घातले, कारण ऑडिटनंतर त्यासाठी दीडच दिवस मिळणार होता. मोठ्या फटीचा सुटा वेळ तिच्या पुढच्या लहान फटीला उसना द्यावा, हे या मालिकेपुरते तरी फार उपयोगी पडले.

१० मेला अक्षय्य तृतीया होती. आमच्याकडे त्या दिवशी पुरणपोळी आणि आमरस होतो, आणि आईने आदल्या दिवशीच आंबे आणून ठेवले होते. अकराला पुरणपोळी, तूप आणि वाटीभर रस घेतलेल्या मुलीने दोन वाजता डायरेक्ट टॅक्स लिहावा, ही कल्पना मला सहन होईना. नैवेद्य झाला, भाचीने घास चाखला आणि पोळी-भाजी व ताक घेऊन निघाली. सण संध्याकाळी सहानंतर साजरा झाला. तेव्हा मोठी फट सुरू झाली होती, रस हवा तितका घेता आला आणि ११ तारखेला ती साडेआठपर्यंत झोपली तेव्हा कोणी उठवले नाही. १३ मेला इंदूरचे मतदान होते आणि दुसऱ्या दिवशी इनडायरेक्ट टॅक्स. ठरलेला दीड दिवस १२ तारखेच्या संध्याकाळीच सुरू झालेला असल्यामुळे आम्ही घरचे मतदार सकाळी सातला जाऊन आलो आणि ती खोलीतच राहिली. तिचे नाव बऱ्हाणपूरच्या यादीत, त्यामुळे तो मोह नव्हता.

या सगळ्या आखणीला एक मोठी मर्यादा आहे आणि ती सांगितली पाहिजे. विषय आधी किमान दोनदा पूर्ण झालेला नसेल, तर हे वीस तास त्याला वाचवू शकत नाहीत; तेव्हा मुलगा उजळणी करत नसतो, पहिल्यांदा वाचत असतो. हे ओळखण्यासाठी परीक्षेची वाट पाहावी लागत नाही. एप्रिलमध्ये भाचीने एका विषयाची रंगीत तालीम केली होती. संध्याकाळी पाचला पुस्तक हातात घ्यायचे, दोन्ही रात्री ठरल्या वेळी झोपायचे आणि तिसऱ्या दिवशी दुपारी दोनला सराव प्रश्नपत्रिका लिहायला बसायचे. पहिल्या तालमीत तिचा एक तृतीयांश मजकूर वाचायचा राहिला. तो कुठला राहिला, हे कळले हाच त्या तालमीचा लाभ होता. तिने टिपणे त्या प्रमाणात कापली आणि काही प्रकरणांसाठी पुस्तकाऐवजी दोन पानांचे तक्ते केले.

शेवटची फट, १४ ते १६ मे, या हिशेबात बसत नाही. सहावा पेपर, इंटिग्रेटेड बिझनेस सोल्युशन्स, चार तासांचा असतो, त्यात सगळ्या विषयांना गुंफणारे प्रसंग दिलेले असतात आणि पुस्तके सोबत नेता येतात. पाठ करण्यासारखे त्यात काही नसते. तरीही पुष्कळ मुले सवयीने दीड दिवस वाचत राहतात आणि दमलेल्या डोक्याने चार तास बसतात. या फटीत वाचन आठ-दहा तासांपेक्षा जास्त नको, असे मी सांगतो. उरलेला वेळ पुस्तके लावण्यात घालवावा: कोणत्या विषयाचे कोणते पुस्तक न्यायचे, कोणत्या प्रकरणाला कोणत्या रंगाची चिठ्ठी लावायची, आणि एखादे मानक किंवा कलम अर्ध्या मिनिटात सापडते की नाही, हे कोणाकडून तरी विचारून घ्यायचे. १५ तारखेच्या संध्याकाळी मी विचारत होतो आणि भाची शोधत होती. जी पाने सापडायला दोन मिनिटे लागत होती त्यांना तिने मोठ्या चिठ्ठ्या लावल्या, तीन पुस्तके पिशवीतून काढून टाकली आणि दहाला झोपायला गेली. मालिकेतली तिची सर्वांत लांब झोप त्या रात्रीची होती, आणि चार तासांच्या पेपरसाठी तिला तेवढीच हवी होती.